लवंगतेलाने ठणका थांबला, पण दाढेचं काय? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी, ए-१०१: नमस्कार मंडळी. ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचं बेसिन परत तुंबलं होतं. प्लंबरने खालचा ट्रॅप खोलला तर आत पांढरा, मेणासारखा थर. खोबरेल आहे ते. सकाळी तोंडात तेल धरणाऱ्यांनी कृपा करून ते बेसिनमध्ये थुंकू नये. थंडीत खोबरेल पाईपमध्ये गोठतं, आणि आपल्याकडे पाणी येणार दिवसाआड, ते बादल्या-बादल्यांनी ओतणार तरी किती?

काकू, ए-२०३: आमच्याकडे रोज असतं ते. आता जुन्या पेपरात थुंकून कचऱ्यात टाकू. पण बंद करणार नाही बरं का. दिवाळीपासून चालू केलंय, ब्रश करताना हिरडीतून रक्त यायचं ते थांबलं. आणि उजवीकडची खालची दाढ लई ठणकायची, तिच्यावर लवंगतेलाचा बोळा ठेवला, लवंगेच्या पाण्याच्या चुळा भरल्या. आता दाढ एकदम शांत. सगळ्यांनी करून बघा.

दादा, सी-३०२: काकू, प्रमाण सांगा की. घरात घाण्याचं करडईचं तेल आहे, ते चालतं का?

डॉक्टरताई (डेंटिस्ट), बी-१०४: प्रमाण सांगते दादा, आधी काकूंना दोन गोष्टी विचारू द्या. काकू, दाढ दुखायची तेव्हा गार पाणी लागल्यावर कळ लगेच जायची की बराच वेळ राहायची? आणि आडवं झाल्यावर ठणका वाढायचा का?

काकू, ए-२०३: बराच वेळ राहायची ओ. रात्री तर उशाला टेकलं की ठणठण. झोप नव्हती. मग एकाएकी थांबलं. आता गार पाणीसुद्धा लागत नाही.

डॉक्टरताई, बी-१०४: आणि चावताना?

काकू, ए-२०३: कडक भाकरी त्या बाजूने चावत नाही. दाढ जरा वर आल्यासारखी वाटते. हिरडीवर बारीक पुटकुळी पण आहे, कधी फुटते, कधी भरते. तोंडाला खारट चव येते.

डॉक्टरताई, बी-१०४: काकू, ही दाढ बरी झालेली नाही. आतली नस मेली असावी. एक्स-रे काढल्यावर नक्की कळेल, पण तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं तिकडेच बोट दाखवतात.

सगळ्यांसाठी नीट सांगते, कारण असे पेशंट माझ्याकडे सारखे येतात. कीड खोल गेली की दाताच्या आतला मऊ भाग, ज्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात, तो सुजतो. भोवती दाताच्या टणक भिंती, त्यामुळे सुजेला पसरायला जागाच नसते. म्हणून तो ठणका, आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येऊन आणखी वाढतो. लवंगेत युजेनॉल असतं, ते नस बधिर करतं. आम्हीही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतो, तेव्हा आजीबाईंचं औषध खोटं नाही. पण बधिर केल्याने कीड थांबत नाही. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणं आपोआप जातं. श्रेय लवंगेला मिळतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू साठतो, दात उचलल्यासारखा होतो आणि पू हिरडीतून वाट काढतो. ती तुमची पुटकुळी.

घरी ओळखायची खूण अशी: गार लागून कळ दोन-चार सेकंदांत गेली तर बहुतेक वेळा दात वाचवायला सोपा. मिनिटभर राहिली तर उशीर करू नका. आणि आधी गार लागायचं, आता काहीच लागत नाही, ही खुशीची बातमी नाही.

आजोबा, ए-३०१: ताई, तुमचं पटतं. पण तोंडात तेल धरायचं कवल-गंडूष चरकसंहितेत सांगितलंय, तिळाचं तेल त्यासाठी उत्तम मानलंय. त्याला काही अर्थ असेलच ना?

डॉक्टरताई, बी-१०४: नक्की आहे आजोबा. २००९ मध्ये चेन्नईच्या दंतवैद्यांनी २० मुलांवर १० दिवस तिळाचं तेल आणि क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश यांची तुलना केली. दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज दोन्हींत कमी झाली. काकूंचं रक्त थांबलं ते याच जातीचं. पण असे अभ्यास छोटे आणि थोड्या दिवसांचे आहेत. तेल दातांवरचा मऊ थर सैल करतं, तोंडाचा वास कमी करतं. जमून दगड झालेलं कीटण त्याने निघत नाही, ते मशीननेच काढावं लागतं. कीड लागलेला खड्डा भरत नाही, दाताच्या आत तर तेल पोचतच नाही. ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट सोडून नुसत्या तेलावर राहू नका.

सी-३०२ दादा, तुमचं उत्तर: उपाशीपोटी, ताठ बसून एक मोठा चमचा तेल तोंडात घ्यायचं. सुरुवातीला पाचच मिनिटं, सवय झाली की दहा-पंधरा. गालातून हळूहळू फिरवायचं, जोर केला तर जबडा दुखतो. गुळण्या नाहीत, गिळायचं नाही. मग थुंकून, चूळ भरून ब्रश. अभ्यास जास्त तिळाचे आणि खोबरेलाचे आहेत. करडईने नुकसान नाही, फायदा तेवढाच का हे मोजलेलं नाही. थुंकताना तेल दुधासारखं दिसतं ती लाळ आणि हवा मिसळल्याने. त्यात विष बाहेर पडलं असं काही नसतं.

वहिनी, बी-२०२: सासऱ्यांना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. त्यांना देऊ का? आणि धाकटा चार वर्षांचा आहे.

डॉक्टरताई, बी-१०४: दोघांनाही नको वहिनी. गिळण्यावर ताबा कमी असेल तर तेल श्वासनलिकेत जातं, आणि फुप्फुसात गेलेलं तेल ठसका लागूनही नीट बाहेर येत नाही. त्याने न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी आहेत. धाकट्याच्या बाबतीत लवंगतेलाची बाटलीसुद्धा वरच्या फळीवर ठेवा. चमचा-दोन चमचे पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला इजा होऊन मूल बेशुद्ध पडल्याच्या घटना आहेत.

चुळेसाठी तेल पाण्यात टाकू नका, ते मिसळत नाही, वर तरंगतं आणि नेमकं गालाला लागून भाजतं. चार-पाच लवंगा कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा, कोमट झालं की अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंका. पाण्यात युजेनॉल थोडंच उतरतं, म्हणून हे सौम्य. बोळ्याचं तेल तिळाच्या तेलात पातळ करून फक्त दातावर, आणि तेही डॉक्टरकडे पोचेपर्यंत. गालाला पांढरा चट्टा पडला तर तेलाने भाजलंय, थांबवा.

काकू, ए-२०३: मग मेडिकलमधून गोळ्या आणून बघू का आधी?

डॉक्टरताई, बी-१०४: नको काकू. मेलेल्या नसेपर्यंत रक्त जात नाही, म्हणून गोळीही तिथे पोचत नाही. सूज थोडी उतरेल, कारण आतच राहील. रूट कॅनाल करून आत स्वच्छ करायचं, नाहीतर दाढ काढायची. जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा ताप भरला तर माझी वाट न बघता सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला जा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. उद्या अकराला क्लिनिकमध्ये या. नाश्ता करून, बीपीची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी आणा, पण स्वतःहून बंद करू नका.

काकू, ए-२०३: ती गोळी ह्यांना आहे, मला नाही. अकराला येते ताई.