टीसीएल टाकूनही शेवटच्या नळाला ओटी येत नाही, काय करावे?

पाणीवाला_भोर: गावच्या विहिरीचे पाणी ५०,००० लिटरच्या टाकीत चढते. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने रोज २५० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. उन्हाळाभर सगळीकडे क्लोरीनची ओटी चाचणी पिवळी यायची. पहिला पाऊस झाल्यापासून टाकीजवळ पिवळटपणा दिसतो, खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाला काहीच नाही. तिथे दोन लहान मुलांना जुलाब सुरू आहेत, म्हणून जीव खाली-वर होतोय.

सरपंचपती७: पाणी गढूळ झालं की पावडर खाते. डबल टाका, विषय संपला.

अनघाताई: आमच्या बोअरच्या पाण्यात काहीच टाकत नाही, तरी ओटी पिवळी येते. म्हणजे ते सुरक्षित ना?

निवृत्त_आरोग्यसेवक: ताई, नाही. लोह किंवा मँगनीज असलं तरी ओटी पिवळी पडते. त्या पिवळेपणावर विसंबू नका, पाणी प्रयोगशाळेत द्या.

भोरवाले दादा, खालच्या आळीला आजपासून उकळलेलंच पाणी प्यायला सांगा आणि मुलांना उपकेंद्रात दाखवा. मग डोस. गढूळ पाणी क्लोरीन खातं हे खरं, पण किती खातं ते अंदाजाने ठरवू नका. उपकेंद्रातून हॉरॉक्सची पेटी आणा. काळ्या कपात तुमच्याच पोत्यातली २ ग्रॅम पावडर घालून खुणेपर्यंत पाणी घाला, नीट ढवळा आणि चुना खाली बसू द्या. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी भरून वरच्या निवळीचे अनुक्रमे १ ते ६ थेंब टाका. अर्धा तास थांबून निर्देशकाचे ३-३ थेंब घाला. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग येईल, त्याच्या आकड्याची दुप्पट म्हणजे ४५५ लिटरला लागणारे ग्रॅम.

पाणीवाला_भोर: सर, आज केलं. तिसरा कप निळा झाला. म्हणजे ४५५ लिटरला ६ ग्रॅम, टाकीला साधारण ६६० ग्रॅम! एवढी टाकू?

निवृत्त_आरोग्यसेवक: आधी न उघडलेल्या पाकिटातली पावडर घेऊन त्याच पाण्यावर पुन्हा करा. ताज्या टीसीएलमध्ये तेहेतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातला उडून जातो.

पाणीवाला_भोर: नव्या पावडरीने दुसराच कप निळा आला. पोतं पंपाजवळ ओलीतच होतं.

निवृत्त_आरोग्यसेवक: म्हणजे दोन्ही दुखणी आहेत. पावडर मेलेली, आणि पाणीही पहिल्यापेक्षा जास्त खातंय. नव्या पावडरीचे ४४० ग्रॅम बादलीत कालवा, निवळी तेवढी टाकी भरताना ओता, आणि भरल्यावर अर्धा तास व्हॉल्व्ह उघडू नका. शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम हवं. थेंब टाकल्याबरोबर दिसणारा रंगच मोजा, नंतर गडद होत जाणारा नको.

सरपंचपती७: म्हणजे मी जवळपास बरोबरच होतो.

निवृत्त_आरोग्यसेवक: पाण्याबद्दल, हो. पण मेलेल्या पावडरीचा डबल डोस ५०० ग्रॅमच झाला असता, लागत होते ६६०.

पाणीवाला_भोर: चार दिवस ४४० टाकतोय. मधल्या आळीपर्यंत ओटी लगेच पिवळी येते. शेवटच्या तीन घरांना अजून कोरीच. तिथे पाइप गटाराखालून गेलाय. उद्या तिथे खोदतोय.