मदत हवी आहे: फेटची (PhET) फाईल मुलांच्या फोनवर उघडत नाही

नमस्कार. शहापूरजवळच्या पाड्यावर नववीला विज्ञान शिकवते. २८ मुलं, फोन चार, तेही पालकांचे. रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर.

धाराविद्युतसाठी फेट या विज्ञानाच्या सिम्युलेशनच्या संकेतस्थळावरचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन ठाण्याहून उतरवून आणलं. एकच एचटीएमएल फाईल आहे आणि माझ्या फोनवर नेटशिवाय मस्त चालते: ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रोध, अ‍ॅमीटर ०.९ दाखवतो. रोध २० केला की ०.४५. ओहमचा नियम मुलांनी स्वतःच पकडला.

घोडं अडलंय ते मुलांच्या फोनवर. ब्लूटूथने फाईल जाते, आकारही तेवढाच दिसतो, पण दोन फोनवर टॅप केलं की पांढरा पडदा. वर नाव येतं ‘एचटीएमएल व्ह्यूअर’. त्यात जावास्क्रिप्ट चालत नाही, एवढं कळलं. ‘ओपन विथ’मध्ये क्रोम दिसतच नाही.

क्रोममधूनच फाईल उघडायची खात्रीची वाट कुणाला माहीत आहे का? पालकांच्या फोनमध्ये नवीन अ‍ॅप टाकायला जीव धजत नाही, जागाही नसते. आणि सात जणांत एक फोन असताना बाकीच्या सहांच्या हाती तुम्ही काय देता? सध्या मी आकडे वहीत मांडायला लावते, पण मागची मुलं बाहेरच्या बकऱ्या बघत बसतात.