मदत हवी आहे: अंडररायटिंगच्या गणितात नेट लायबिलिटी ५०० शेअर्सनी वेगळी येतेय

तेरीज
कंपनी अकाउंट्सचं एक गणित आहे. इश्यू १,००,००० शेअर्सचा, १० रुपयांचा शेअर, ॲट पार, सगळे पैसे अर्जाबरोबरच. पूर्ण इश्यू अंडरराइट झालाय, अ ५०,००० ब ३०,००० आणि क २०,०००. अर्ज आले ८०,००० शेअर्सचे, त्यात मार्क्ड अ चे २६,०००, ब चे १४,००० आणि क चे २०,०००, म्हणजे उरलेले २०,००० अनमार्क्ड. कमिशन ४ टक्के.

क ने त्याचा सगळा वाटा मार्क्डमध्येच भरून काढला म्हणून मी अनमार्क्ड फक्त अ आणि ब ला दिले, त्यांचे राहिलेले २४,००० आणि १६,००० म्हणून ३:२ ने. माझं उत्तर अ १२,००० ब ८,००० क शून्य. पुस्तकात अ ११,५०० ब ८,५००. बेरीज दोन्हीकडे २०,०००च येते मग चुकतंय कुठे? आणि क ला एकही शेअर घ्यायचा नाहीये तरी त्याला ८,००० कमिशन दाखवलंय, ते का?

रोजकीर्द
कमिशन छापताना चुकलं असेल. जितके शेअर्स अंगावर पडले तितक्यावरच कमिशन मिळणार ना, क ला फुकट कोण देईल. बाकी अनमार्क्ड मात्र ग्रॉसच्या प्रमाणात वाटतात हे नक्की, ५:३:२.

जुना_मुनीम
वाटपाचं बरोबर आहे, कमिशनचं नाही. अंडररायटरला पैसे मिळतात ते जोखीम घेतल्याबद्दल. इश्यू पूर्ण भरला असता तर तिघांचीही नेट लायबिलिटी शून्य झाली असती, मग कुणालाच काही द्यायचं नाही का? त्यामुळे कमिशन ग्रॉसवर, अ २०,००० ब १२,००० क ८,०००.

आता ते ५०० शेअर्स. पुस्तकाने अनमार्क्ड तिघांना वाटलेत, १०,००० ६,००० ४,०००. ग्रॉसमधून मार्क्ड आणि हे दोन्ही वजा केलं की अ कडे १४,००० राहतात, ब कडे १०,००० आणि क उणे ४,००० मध्ये जातो. हा क चा सरप्लस. तो अ आणि ब ला त्यांच्या आपसातल्या ग्रॉसच्या प्रमाणात म्हणजे ५:३ ने द्यायचा, २,५०० आणि १,५००. राहिले ११,५०० आणि ८,५००. इथे बरेच जण १४:१० ने वाटतात आणि अपूर्णांकात अडकतात, शेअर अर्धामुर्धा दिसला की तिथेच थांबून प्रमाण तपासायचं.

तुझी पद्धत म्हणजे ग्रॉसमधून मार्क्ड वजा करून जे उरलं त्या प्रमाणात अनमार्क्ड वाटणं. तीही वापरतात. बेरीज दोन्हीकडे जुळणारच कारण कमी पडलेले शेअर्स २०,०००च आहेत, तेव्हा बेरीज जुळली म्हणून पद्धत बरोबर असं समजू नकोस.

तेरीज
अच्छा म्हणजे क चे अनमार्क्ड त्याला नकोच असतात तरी आधी त्याच्या नावावर टाकायचे आणि मग काढून घ्यायचे. विचित्र आहे पण कळलं. मग पैसे किती येणार कंपनीला? अ कडून १,१५,००० वजा २०,००० = ९५,००० असं?

जुना_मुनीम
हो. ब कडून ८५,००० वजा १२,००० म्हणजे ७३,०००, आणि क ला उलट कंपनीनेच ८,००० द्यायचे. पण पैसे हप्त्याने मागवले असतील तर आत्ता फक्त मागवलेली रक्कमच धरायची, पूर्ण १० नाही. कमिशन मात्र पूर्ण इश्यू प्राइसवरच.

हिशेबनीस२
माझ्या गणितात शेअर १० चा आहे पण २५ ला काढलाय आणि कमिशन ५ टक्के. १० वर काढू की २५ वर? धागा प्रीमियमचाच आहे ना?

जुना_मुनीम
नाही, पण उत्तर सोपं आहे, २५ वर. २०१३च्या कंपनी कायद्याखालच्या नियमांत शेअर्ससाठी मर्यादा इश्यू प्राइसच्या ५ टक्के किंवा आर्टिकल्समध्ये दिलेला दर, दोन्हीतला जो कमी तो. तुझ्या आर्टिकल्समध्ये ३ टक्के लिहिलं असेल तर ५ देता येणार नाही, गणितात ही ओळ मुद्दाम मध्येच टाकून ठेवतात.

रोजकीर्द
कमिशनचं पटलं. पण ब ने वर ५,००० शेअर्स फर्म घेतले असते तर? मी ते ब च्या मार्क्डमध्येच धरतो, त्याने स्वतः घेतले तर फायदा त्यालाच मिळायला हवा.

जुना_मुनीम
करारात तसं असेल तर धर. नाहीतर ते अनमार्क्डमध्ये टाकून सगळ्यांना फायदा देणारेही आहेत. दोन्हीकडे शेवटी ब च्या नेटमध्ये ते ५,००० परत मिळवायचे, ते घ्यायचे तर त्याला आहेतच.

रोजकीर्द
गणितात काहीच दिलं नसेल तर?

तेरीज
हाच प्रश्न माझा अनमार्क्डच्या बाबतीत. काही दिलं नसेल तर ग्रॉसच धरू का? आमचे सर दुसऱ्या पद्धतीने शिकवतात.

जुना_मुनीम
मी असतो तर ग्रॉस, आणि वर एका ओळीत गृहीतक लिहिलं असतं. सर पेपर तपासणार असतील तर त्यांनाच विचार बाबा.