मदत हवी आहे: सारांशावरून स्वतःसाठी बहुपर्यायी प्रश्न काढतोय, पण चुकीचे पर्याय फारच बाळबोध होतात

रात्रपाळी_अभ्यास
राज्यसेवेसाठी राज्यघटना करतोय. प्रकरण संपलं की वहीत अर्ध्या पानाचा सारांश लिहितो, त्यावर प्रश्न काढतो आणि आठवड्याने सोडवतो. गुण भरपूर मिळतात, पण सराव परीक्षेत तेच मुद्दे चुकतात. आणीबाणीच्या प्रकरणातला हा एक प्रश्न बघा:

राष्ट्रीय आणीबाणीच्या घोषणेला संसदेची मान्यता किती काळात मिळावी लागते?
अ) १ महिना ब) १० दिवस क) ५ वर्षे ड) २० वर्षे

क आणि ड न वाचताच बाद होतात. पटण्यासारखे चुकीचे पर्याय आणायचे कुठून? सारांशात तर फक्त बरोबर गोष्टीच असतात.

फळा_खडू
तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. एका मुद्द्याचा सारांश घेऊन बसलात तर चुकीचे पर्याय मनाने रचावे लागतात, आणि मनाने रचलेला आकडा लगेच ओळखू येतो. त्याऐवजी एकमेकांसारखे मुद्दे शेजारी ठेवा. कलम ३५२ म्हणजे राष्ट्रीय आणीबाणी, ३५६ म्हणजे राष्ट्रपती राजवट आणि ३६० म्हणजे आर्थिक आणीबाणी, या तिघांचा याच क्रमाने एक तक्ता करा. पहिल्या मान्यतेची मुदत: १ महिना, २ महिने, २ महिने. बहुमत: विशेष, साधे, साधे. पुढे चालू ठेवणं: ३५२ ला दर ६ महिन्यांनी मान्यता, ३५६ लाही दर ६ महिन्यांनी पण कमाल ३ वर्षे, आणि ३६० ला पुन्हा मान्यतेची गरजच नाही.

आता तुमच्याच प्रश्नाला पर्याय द्या: १ महिना, ६ आठवडे, २ महिने, ६ महिने. दोन महिने ही बाकी दोन्ही आणीबाण्यांची मुदत आहे. शिवाय १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीआधी राष्ट्रीय आणीबाणीचीही तीच होती, म्हणून प्रश्नात 'सध्या' हा शब्द हवाच. सहा महिने मुदतवाढीतून आले, सहा आठवडे अध्यादेशाच्या प्रकरणातून. प्रत्येक चुकीचा पर्याय दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असला की तो पटतो. आकडे चढत्या क्रमाने लिहा, म्हणजे बरोबर उत्तर कुठे ठेवायचं हे तुमच्या हातात राहत नाही.

नेमका_बाण
एवढा खटाटोप कशाला? चौथा पर्याय 'वरीलपैकी नाही' टाका, प्रश्न आपोआप कठीण होतो.

फळा_खडू
कठीण होतो हे खरं. पण तोच बरोबर असेल तर तुम्ही फक्त तीन गोष्टी चूक आहेत एवढंच ओळखलं. खरं उत्तर माहीत आहे की नाही ते कळलंच नाही. स्वतःची परीक्षा घ्यायला तो कमी उपयोगी. चौथा पर्याय सुचत नसेल तर तीनच ठेवा.

आईची_शिकवणी
माझी मुलगी आठवीत आहे. विज्ञानाचा असा तयार प्रश्नसंच कोणत्या प्रकाशनाचा चांगला?

फळा_खडू
ताई, इथे प्रश्न स्वतः काढण्याबद्दल चाललंय, पण विज्ञानात ते सोपंच जातं. पृथ्वीवर ६० किलोग्रॅम वस्तुमान असलेल्या माणसाचं चंद्रावरचं वस्तुमान किती? पर्याय ०, १०, ६०, ३६०. दहा म्हणणाऱ्या मुलीने वस्तुमान आणि वजन यांची गल्लत केली, शून्य म्हणणारीला चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं असं वाटतं. तिच्या जुन्या वह्यांतल्या चुका काढा, पर्याय तिथेच सापडतील.

रात्रपाळी_अभ्यास
तक्ता केला. पण एक प्रश्न फसला: 'कोणत्या आणीबाणीला २ महिन्यांत मान्यता लागते?' पर्यायांत ३५६ पण आहे आणि ३६० पण.

फळा_खडू
जवळचे पर्याय घेतले की हे होतंच. प्रश्न लिहून झाल्यावर प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक ते एका ओळीत लिहा. ३६० पुढे कारण सुचणार नाही, तिथेच दोष सापडेल. मग प्रश्नात 'कमाल ३ वर्षे चालू राहू शकते' अशी अट जोडा, फक्त ३५६ उरेल.

पुन्हा_पुन्हा_वाचक
मला वेगळीच भीती वाटते. नर्सिंगच्या परीक्षेच्या वेळी मी असेच प्रश्न सोडवायचे, आणि चुकीचे पर्यायच डोक्यात बसले. 'हे कुठेतरी वाचलंय' म्हणून तेच निवडायचे.

फळा_खडू
ही भीती खरी आहे. आधी पर्याय झाकून उत्तर लिहायचं, मग उघडायचे आणि प्रत्येक प्रश्नानंतर लगेच तपासायचं. उत्तरं आठवड्याने बघितली तर चुकीचं घट्ट होतं. झाकून लिहिताना जे चुकाल तेच पुढच्या प्रश्नाचा पर्याय करा, त्याहून पटणारा पर्याय मिळत नाही.

नेमका_बाण
पण पर्याय झाकूनच उत्तर येत असेल तर मग पर्याय हवेतच कशाला?

फळा_खडू
कारण परीक्षेत ते असतात, आणि ३५२ व ३५६ मधला फरक ते समोर आले की तपासला जातो.

रात्रपाळी_अभ्यास
अजून एक अडलंय. प्रश्न मीच काढतो, त्यामुळे आठवड्यानंतरही उत्तर आठवतंच. मित्राशी वह्या बदलाव्यात म्हणतोय, पण त्याने मूलभूत हक्क धरलेत आणि माझी आणीबाणी चालू आहे. असं कोणी केलंय का?