मदत हवी आहे: लो-पॉली खडक बटाट्यासारखे दिसतात आणि व्हर्टेक्स कलर एकमेकांत मिसळतात

पाषाणरेखा

नमस्कार. पुण्याच्या वेताळ टेकडीवरून सुचलेले एक छोटे दृश्य मी गेमसाठी तयार करीत आहे. त्यात जुन्या खाणीच्या कडेचे काळे खडक, काही बाभळी आणि गिरिपुष्पाची झाडे एवढेच आहे. मॉडेलिंग ब्लेंडर ४ मध्ये चालू असून दृश्य गोडो ४ मध्ये उभे राहणार आहे. टेक्स्चर अजिबात वापरायचे नाही, सर्व वस्तूंना एकच मटेरियल द्यायचे आणि रंग केवळ व्हर्टेक्स कलरमधून आणायचा, असे ठरवले आहे. एका खडकाला ५० आणि एका झाडाला १५० त्रिकोणांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही.

खडकासाठी मी ८० फेसचा आयकोस्फिअर घेते, त्यावर नॉइजने थोडी उंचसखलता आणते आणि मग डेसिमेट लावते. त्रिकोण मर्यादेत बसतात, पण हाती येतो तो बटाटा. बेसॉल्टचा कातळ वाटत नाही. दुसरी अडचण रंगाची आहे. खडकाच्या माथ्यावर दगडफुलाचा राखाडी-हिरवा रंग आणि बाजूंना काळपट रंग हवा आहे, परंतु मी माथा रंगवला की तो रंग बाजूच्या फेसवर अर्ध्यापर्यंत ओघळतो. बाभळीचे झाडही काठीवर ठेवलेल्या चेंडूसारखे दिसते, मात्र त्याआधी खडकाचा प्रश्न सुटावा अशी इच्छा आहे.

वारजेकर

माझाही व्हर्टेक्स कलरचाच प्रश्न आहे. ब्लेंडरमध्ये रंग व्यवस्थित दिसतात आणि युनिटीत आणल्यावर सगळी झाडे पांढरी होतात. एक्स्पोर्ट करताना रंग गळून पडत असतील का? आपल्याकडेही असेच होत असेल तर टेक्स्चरकडे वळणे बरे, असे मला वाटते.

निखिल_कोथरूड

रंग ओघळण्याचे कारण सांगतो. ब्लेंडरमध्ये कलर अ‍ॅट्रिब्यूट तयार करताना `Vertex` आणि `Face Corner` असे दोन पर्याय मिळतात. आपण बहुधा पहिला निवडला असावा. त्यात एका व्हर्टेक्सला एकच रंग असतो, म्हणून माथ्याचा आणि बाजूचा फेस ज्या कडेवर भेटतात तिथे दोघांनाही तोच रंग मिळतो. `Face Corner` घेतल्यास प्रत्येक फेसच्या कोपऱ्याला स्वतंत्र रंग देता येतो. तरीही मोबाइलसाठी हा पर्याय मी टाळायला सांगेन, कारण रंग वेगळे झाले की एक्स्पोर्टमध्ये व्हर्टेक्सही वेगळे होतात आणि त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. त्यापेक्षा रंग सौम्य ठेवावेत, म्हणजे ओघळ जाणवत नाही.

सह्यकोन

निखिल यांनी कारण अचूक सांगितले आहे, पण टाळण्याचा सल्ला इथे लागू होत नाही. खडक फ्लॅट शेडिंगचे आहेत. फ्लॅट शेडिंगमध्ये शेजारच्या दोन फेसच्या नॉर्मल वेगळ्या असतात, त्यामुळे एक्स्पोर्ट होताना सामायिक व्हर्टेक्स आधीच सुटे झालेले असतात. ८० फेसच्या आयकोस्फिअरला ब्लेंडर ४२ व्हर्टेक्स दाखवतो, पण फ्लॅट शेडिंगसह गेममध्ये पोहोचताना ते २४० होतात, कारण प्रत्येक त्रिकोण आपले तीन व्हर्टेक्स घेऊन जातो. तो खर्च एकदा झाला की `Face Corner` रंगांमुळे त्यात एकाचीही भर पडत नाही. स्मूद शेडिंगच्या वस्तूला मात्र त्यांचा इशारा पूर्णपणे खरा आहे.

आता खडकाकडे येतो. आयकोस्फिअरचे सर्व त्रिकोण जवळजवळ सारख्या आकाराचे असतात आणि शेजारच्या फेसमधला कोनही सगळीकडे साधारण सारखाच असतो. नॉइजने व्हर्टेक्स हलवले तरी मोठा सपाट पृष्ठभाग किंवा तीव्र धार त्यातून निर्माण होत नाही. आपल्याकडचा बेसॉल्ट नेमका उलटा आहे. लाव्हा थंड होताना आकसला, त्यामुळे त्यात उभ्या भेगा पडल्या, आणि एकावर एक थर साचल्यामुळे आडवे सांधेही आले. खाणीच्या कडेचा तुकडा त्यांवरच फुटतो. त्याचा माथा सपाट असतो, बाजू जवळजवळ उभ्या असतात आणि एखादाच कोपरा तिरपा उडालेला असतो. म्हणून आकार फुगवून घडवण्याऐवजी तो कापून घडवावा.

घन घ्या आणि त्याची लांबी, रुंदी व उंची साधारण २.२, १.६ आणि १ अशी करा. नंतर `Bisect` ने पाच काप द्या आणि प्रत्येक वेळी `Fill` सुरू ठेवून कापाबाहेरचा भाग काढून टाका. त्यातले तीन काप उभ्या दिशेपासून पाच-दहा अंश झुकलेले असावेत, एक माथ्याला किंचित उतार देणारा असावा आणि शेवटचा एक कोपरा तिरपा उडवणारा. कापामुळे जुना फेस पूर्ण नाहीसा झाला नाही तर सहाचे अकरा फेस होतात, आणि त्रिकोण केल्यावर ते ३२ भरतात. जमिनीत जाणारा तळ काढून टाकला की तिशीच्या आत आपला खडक तयार होतो. हाच खडक उभ्या अक्षाभोवती फिरवून आणि प्रत्येक अक्षावर थोडा वेगळा ताणून चार-पाच ठिकाणी वापरला, तरी पुनरावृत्ती चटकन लक्षात येत नाही, कारण प्रत्येक दिशेने त्याची बाह्यरेषा निराळी असते.

रंग देण्याआधी मेश त्रिकोणांत फोडून घ्या. हे मी आग्रहाने सांगतो आहे. चार किंवा पाच कोपऱ्यांच्या फेसवर वरून खाली रंगछटा दिली, तर ती प्रत्यक्षात त्रिकोणांवरच पसरते, आणि कर्ण ज्या दिशेला पडला त्यानुसार छटेत एक तिरपी घडी दिसू लागते. ब्लेंडरने निवडलेला कर्ण आणि एक्स्पोर्टनंतरचा कर्ण सारखाच असेल याची खात्री नसते. ब्लेंडरमध्ये स्वच्छ दिसणाऱ्या खडकावर गोडोत तिरपा पट्टा आला, तर कारण हेच आहे असे समजावे. आधी फोडले तर कर्ण आपल्याला दिसतो आणि नको असल्यास `Rotate Edge` ने फिरवता येतो.

रंगाचे काम उजेडाच्या कामापेक्षा वेगळे ठेवावे, असे माझे मत आहे. फ्लॅट शेडिंगमुळे प्रत्येक फेस उजेडात आपोआप वेगळा उठून दिसतो, म्हणून फेसगणिक निरनिराळे राखाडी रंग भरण्याची गरज नाही. उजेडाला जे करता येत नाही, तेवढेच रंगाने करावे. माथ्याच्या फेसना सर्व कोपऱ्यांवर दगडफुलाचा रंग द्या. बाजूच्या फेसचे वरचे कोपरे काळपट राखाडी आणि जमिनीलगतचे कोपरे तांबूस-गडद ठेवा, म्हणजे खडक मातीत रुतलेला वाटेल.

वारजेकर, आपले रंग गळालेले नसावेत. युनिटीचा नेहमीचा `Lit` शेडर व्हर्टेक्स कलर वाचतच नाही. शेडर ग्राफमध्ये `Vertex Color` नोड `Base Color` ला जोडला की ते दिसू लागतील.

कातळवाट

सह्यकोन यांच्या खडकाबद्दल एक नोंद करावीशी वाटते. सह्याद्रीतला प्रत्येक खडक टोकदार नसतो. भेगांमधून पाणी मुरते, कोपरे सर्वांत आधी कुजतात आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर सुटून आत गोल धोंडा उरतो. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात असे धोंडे मऊ, पिवळसर मुरमात अडकलेले दिसतात. दृश्य खाणीपुरतेच असेल तर कापलेला खडक बरोबर आहे, परंतु उतारावर मुरूम दाखवणार असाल तर तिथे पाषाणरेखा यांचा आधीचा गोल आकार वाया जाऊ नये.

सह्यकोन

मान्य आहे, मी खाणीची कडच डोळ्यांसमोर धरली होती. गोल धोंडा करायचा असेल तरीही नॉइज मी वापरणार नाही. ८० फेसच्या आयकोस्फिअरला एक-दोन काप देऊन एखादी सपाट बाजू आणावी, म्हणजे गोलाई आणि फुटलेपण दोन्ही दिसतात.

पाषाणरेखा

सर्वांचे आभार. पाच कापांचा खडक केला आणि तो खरोखर खाणीतला वाटतो. `Face Corner` मुळे माथ्याची कडही स्वच्छ आली. गोडोत मात्र नवी अडचण उद्भवली आहे. जीएलटीएफ फाइल आणल्यावर रंग बरोबर होते, पण सर्व वस्तूंना माझे एकच मटेरियल लावल्यावर खडक पांढरे झाले. `Vertex Color` विभागातले दोन्ही पर्याय सुरू केले तेव्हा रंग परतले, परंतु ब्लेंडरपेक्षा बरेच गडद दिसतात. बाभळीबद्दलही कृपया सांगावे.

सह्यकोन

त्या दोनपैकी `Use as Albedo` सुरू ठेवा आणि `Is sRGB` बंद करा. जीएलटीएफमधले व्हर्टेक्स कलर लिनियर असतात. दुसरा पर्याय त्यांना एसआरजीबी समजून पुन्हा रूपांतरित करतो आणि त्यामुळे मधल्या छटा काळवंडतात. पूर्ण पांढऱ्या रंगावर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे एक कोपरा पांढरा रंगवून पाहिल्यास नेमके कारण ओळखता येते. पांढरा तसाच राहिला आणि मधले रंग बुडाले, तर दोष रूपांतराचा आहे, उजेडाचा नाही.

बाभळीचे खोड पाच बाजूंचे पुरते. मात्र रंग फक्त व्हर्टेक्स असलेल्या ठिकाणीच बदलू शकतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. केवळ वर आणि खाली कडी असलेल्या खोडावर छटा तळापासून शेंड्यापर्यंत एकसारखी पसरते. बुंध्यापाशीच मातकट रंग हवा असेल, तर तिथे एक मधली कडी लागतेच. तीन कड्यांचे खोड वीस त्रिकोणांत होते. तीच कडी थोडी बाजूला सरकवली की खोडाला बाभळीचा बाकही येतो, म्हणजे एका खर्चात दोन कामे होतात.

शेंडा एका गोलाचा करू नये. ८० फेसचा एक आणि २० फेसचे दोन आयकोस्फिअर घ्या, उंचीने निम्म्याहून कमी करा आणि वेगवेगळ्या पातळीवर एकमेकांत घुसवा. खोडासह १४० त्रिकोण होतात, आणि एकमेकांच्या आत दडलेले फेस काढल्यावर ते आणखी कमी होतात. खालच्या बाजूचे व्हर्टेक्स वर दाबून तळ सपाट करा, कारण बाभूळ तिच्या छत्रीसारख्या पसाऱ्यावरून ओळखू येते. रंगात वरचे कोपरे पिवळसर हिरवे आणि तळाचे गडद ठेवावेत.

निखिल_कोथरूड

शेंड्याला मी स्मूद शेडिंग देईन. बाभळीची पाने इतकी बारीक असतात की फ्लॅट फेसमुळे झाड दगडी वाटते. शिवाय तिथे सामायिक व्हर्टेक्सचा फायदाही मिळेल.

सह्यकोन

खडक आणि झाड शेजारी असताना दोन्ही फ्लॅट ठेवावेत, म्हणजे दृश्याची शैली एक राहते, असे माझे मत आहे. परंतु हा आवडीचा प्रश्न आहे आणि आपले म्हणणे चुकीचे म्हणता येणार नाही.

पाषाणरेखा

`Is sRGB` बंद केल्यावर रंग जुळले. शेंडा दोन्ही प्रकारे करून गोडोत शेजारी ठेवून पाहिला. जवळून फ्लॅट चांगला दिसतो, पण लांबच्या बाभळींचे फेस कॅमेरा हलताना चमचमतात आणि तिथे स्मूद शांत वाटतो. आता झाडे वाऱ्यावर हलवायची आहेत. त्यासाठी व्हर्टेक्स कलरच्या अल्फामध्ये बुंध्याला ० आणि शेंड्याला १ असे वजन साठवण्याचा विचार आहे. पण एकमेकांत घुसलेले तीन गोल वेगवेगळे हलले तर काढून टाकलेल्या फेसच्या जागी फटी दिसतील, अशी शंका येते. हे कोणी करून पाहिले आहे का?

कातळवाट

अल्फाचा मार्ग मी वापरला आहे. हालचाल प्रत्येक व्हर्टेक्सच्या स्थानावरून न काढता संपूर्ण झाडाच्या स्थानावरून काढली, तर एकाच उंचीचे आणि सारख्या वजनाचे कोपरे एकत्रच सरकतात आणि फटी पडत नाहीत. त्यात पानांची सुटी सळसळ मात्र मिळत नाही. ती हवी असेल तर आतले फेस ठेवावेच लागतील.