मदत हवी आहे: ४० मिमी शाफ्टची चावी दोन महिन्यांत ढिली होते

मकरपुरा_वर्कशॉप: वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत माझं लहान वर्कशॉप आहे. कन्व्हेयरच्या ४० मिमी शाफ्टवर स्प्रॉकेट आहे. ३ एचपी मोटर, गिअरबॉक्सनंतर ४५ आरपीएम, दिवसातून बऱ्याचदा उलटं फिरतं. चावी १२ × ८, लांबी ४५, दोन्ही टोकं गोल. ठोकून बसवली तेव्हा घट्ट होती, तरी स्प्रॉकेट हलायला लागलं. हबचा कीवे आता एका बाजूला १२.३ झालाय. चुकतंय कुठे?

जुना_फिटर: चावी कमी पडतेय. १४ ची टाका, संपला प्रश्न.

रेखाकार_काका: थांबा, ४० च्या शाफ्टला १२ × ८ बरोबरच आहे. १४ × ९ ची चावी ४४ च्या वरच्या शाफ्टची. तिला शाफ्टमध्ये ५.५ खोल जावं लागेल, म्हणजे शाफ्टच आणखी कमकुवत. आधी सांगा, शाफ्टच्या खाचेच्या तळापासून पलीकडच्या बाजूपर्यंत किती? आणि हबमध्ये खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत?

मकरपुरा_वर्कशॉप: शाफ्ट ३५.०, हब ४२.९.

रेखाकार_काका: मग सापडलं. ३५ अधिक ८ म्हणजे चावीचा माथा ४३ वर, हबमध्ये जागा ४२.९. ती वरून अडकली, म्हणून घट्ट वाटली. ही चावी बाजूंनी पकडते, माथ्यावर फट हवी. हबला ४३.३ ठेवा. बाजू ढिल्या राहिल्या, तर उलटं फिरताना दरवेळी चावी आपटते आणि खाच रुंदावते. तुमच्या कामाला शाफ्ट आणि हब दोन्हीकडे पी९ ठेवा, म्हणजे ११.९४ ते ११.९८. चावीच्या बाजू हलक्या घासून बसवा.

पंपवाली_ताई: आमच्या पंपाच्या मोटरला चावी वेल्ड केली होती. पुढे पुली निघेचना, शेवटी कापावी लागली. तुम्ही वेल्डिंग करू नका.

जुना_फिटर: काका, पण टॉर्कला १२ ची पुरते का? मी म्हणतो तीही शंका खरी आहे.

रेखाकार_काका: शंका रास्त आहे, उपाय मात्र रुंदीत नाही. टॉर्क साधारण ४६७ न्यूटन-मीटर, म्हणजे चावीवर २३ किलोन्यूटनच्या वर जोर. कातरण्याला ती पुरते. पण हबमध्ये चावी जेमतेम ३ मिमी शिरते आणि गोल टोकं वजा करता कामाची लांबी ३३ उरते. तिथे दाब २३५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास जातो, तोही सुरुवातीचा झटका न धरता. ओतीव हब असेल तर चिरडणारच. चौकोनी टोकांची ७५ ची चावी घेतली तर दाब १०४ वर येतो.

मकरपुरा_वर्कशॉप: हब ओतीवच आहे, लांबी ५०. बाजूला बेअरिंग असल्यामुळे ७५ बसत नाही. दुसरी चावी १२० अंशांवर द्यावी का?

रेखाकार_काका: आधी ईएन८ चा हब करा, त्यात ५० ची चौकोनी टोकांची चावी. दाब १५५ राहील, झटके धरता मला तो काठावर वाटतो. दोन चाव्यांत दोन्ही खाचा तंतोतंत जुळल्या नाहीत तर सगळा भार एकीवरच येतो. तुमचं स्लॉटिंग कोण करतं, इंडेक्सिंग हेड आहे का?