लिफ्टचं कर्ज, एफडीवर लीन आणि 24 मार्च

*ए-101 देशपांडे:* खजिनदारसाहेब, काल तुम्ही टाकलेलं बँकेचं पत्र वाचलं. लिफ्टला 6 लाख हवेत म्हणून सोसायटीची 10 लाखांची एफडी तारण, इथवर ठीक. पण एफडी 24 मार्चला संपते आणि कर्ज वर्षाचं. मार्चनंतर काय?

*बी-302 साठे:* जनरल बॉडीचा ठराव कुठे आहे?

*खजिनदार:* एफडी आपोआप रिन्यू होते हो. बँकवाल्यांनी सांगितलंय.

*ए-101 देशपांडे:* तोंडी! कलम 7 बघा: मुदत संपली की कर्ज वळतं करून उरलेली रक्कम बचत खात्यात. पावतीवर मात्र ऑटो रिन्यूअल. मग खरं काय?

*सी-203 पाध्ये काकू:* कर्जाचं पत्र पावतीपेक्षा वरचढ ठरवतील, भांडत बसाल. मी बँकेतच नोकरी केली. कुठलं हवंय ते आत्ताच लिहून घ्या. रिन्यू केली तर व्याजदर त्या दिवशीचा लागेल, लीन तसंच राहील आणि कर्जाचा दरही बदलेल, कारण तो एफडीच्या दराला बांधलेला आहे.

*ए-404 मोरे:* लीन म्हणजे? लिफ्टचा नवा पार्ट का? 😄

*सी-203 पाध्ये काकू:* एफडीला टाळं. कर्ज फिटेपर्यंत मोडता येणार नाही. आणि पत्रात लीन पूर्ण 10 लाखांवर आहे, म्हणजे आपले वरचे 4 लाखही अडकले. कर्ज संपल्यावर लीन काढायला अर्ज आपणच द्यायचा, नाहीतर विसरतात.

*बी-302 साठे:* ठराव?

*ए-404 मोरे:* आणि एफडी मोडून टाकली तर? ज्यांची स्कूटर दोघांच्या जागेत उभी असते त्यांनी कर्जावर बोलू नये, हे जाता जाता.

*बी-302 साठे:* स्कूटरचा इथे काय संबंध?

*सी-203 पाध्ये काकू:* मोडू नका. अडीच वर्षं झालीत, दर 7 टक्के. दंड एकच टक्का धरला तरी 10 लाखांवर साधारण 25 हजार जातील. कर्ज बँकेने तोंडी सांगितलेल्या 8 टक्क्यांनी असेल तर 6 लाखांवर सहा महिन्यांचं व्याज 24 हजार, आणि तेवढ्याच रकमेवर एफडी 21 हजार देते. खरा खर्च 3 हजार.

*ए-101 देशपांडे:* काकू, पत्रात एफडी आणि कर्जाच्या दरातला फरक 2 टक्के लिहिलाय, 1 नाही.

*सी-203 पाध्ये काकू:* अगं बाई. मग 6 हजार. तरी मोडण्यापेक्षा स्वस्तच, पण तोंडी एक आणि लेखी दोन का, हे विचारा.

*खजिनदार:* मला चश्मा लागतो, दिसलं नाही. मार्जिन 10 टक्के तरी बरोबर आहे ना? 9 लाखांपर्यंत मिळतं म्हणाले.

*सी-203 पाध्ये काकू:* हो. पण ओव्हरड्राफ्ट आहे ना, की एकरकमी? ओव्हरड्राफ्ट असेल तर उचललेल्या रकमेवरच व्याज. 9 मिळतात म्हणून 9 उचलू नका.

*खजिनदार:* सोमवारी जातो. फरक 1 टक्का आणि 24 मार्चचं कलम, दोन्ही लेखी दुरुस्त करून आणतो. सही तोवर नाही.

*बी-302 साठे:* आणि ठराव?

*खजिनदार:* साठेसाहेब, 12 तारखेच्या सभेचा अजेंडा नोटीस बोर्डवर आहे. लिफ्ट बंद असली तरी जिन्याने जाऊन वाचता येतो.